दशमांश नाकारणारा मठ दशमांशावर कसा आला: फाउंटन्सचं प्रकरण

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये, स्केल नावाच्या छोट्या नदीकाठी फाउंटन्स मठाचे अवशेष आहेत. हा मठ 1132 मध्ये एका तक्रारीतून जन्माला आला. आमचा जुना मठ सुखवस्तू झाला आहे, संन्याशांना न शोभणारं खातोपितो, आणि दुसऱ्यांच्या घामावर जगतो, अशी ती तक्रार होती. पुढे 1535 मध्ये आठव्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी देशभरातल्या चर्चच्या उत्पन्नाची मोजदाद केली. तेव्हा फाउंटन्सचं निव्वळ वार्षिक उत्पन्न सुमारे 1,115 पौंड निघालं. फाउंटन्स पुढे ज्या कडक नियमांच्या सिस्टर्शियन पंथाचा झाला, त्याच्या इंग्लंडमधल्या मठांमध्ये ते सर्वांत जास्त होतं.

मधल्या चारशे वर्षांत काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. मध्ययुगीन चर्चच्या संपत्तीचा विषय निघाला की लोभी बिशप आणि ढेरपोट्या संन्याशांचं चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं. तसे लोक होतेच. पण लोभाने फार थोडं समजतं. फाउंटन्सचे पहिले संन्यासी खरोखर उपाशी राहिले होते. संपत्ती त्यांच्याकडे आली ती त्यांच्या दारिद्र्यामुळेच. सुधारकांचा हल्ला एकदा होऊन का थांबला नाही, दर दोन-तीन पिढ्यांनी नव्याने का सुरू झाला, याचं उत्तर मला या गुंत्यात दिसतं.

यॉर्कमधलं भांडण

यॉर्क शहराला लागून सेंट मेरीचा बेनेडिक्टाइन मठ होता. राजघराण्याने आणि नॉर्मन सरदारांनी त्याला जमिनी दिल्या होत्या, आणि अनेक पॅरिश चर्च, म्हणजे गावोगावची चर्चही दिली होती. चर्च दान देणं हे आज चमत्कारिक वाटेल, पण तेव्हा पॅरिश चर्च ही उत्पन्न देणारी मालमत्ता होती. गावातला प्रत्येक शेतकरी पिकाचा, कोकरांचा आणि लोकरीचा दहावा हिस्सा तिथल्या धर्मगुरूला देई. चर्च मठाच्या नावावर झालं की तो हिस्सा मठाकडे वळे, आणि प्रत्यक्ष बाप्तिस्मे आणि दफनविधी करायला मठ थोड्या मेहनतान्यावर कुणाला तरी नेमे.

1132 च्या वसंतात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठातून काही सिस्टर्शियन संन्यासी यॉर्कशायरमध्ये आले आणि त्यांनी रिव्हो इथे मठ उभारला. पांढऱ्या, न रंगवलेल्या लोकरीचे अंगरखे घालणारी, स्वतः नांगर धरणारी ही माणसं पाहून सेंट मेरीच्या काही संन्याशांचं मन ढवळून निघालं. त्यांचा पुढारी प्रायर रिचर्ड, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा माणूस. त्याने वृद्ध मठाधिपती जेफ्रीपुढे मागणी ठेवली की संत बेनेडिक्टचे नियम जसे लिहिले आहेत तसे पाळावेत. खाणंपिणं आणि कपडे साधे असावेत. आणि यातली पैशाची बाब अशी होती: संन्याशांनी स्वतःच्या श्रमावर जगावं, आणि चर्च व दशमांश यांतून येणारं उत्पन्न गरिबांसाठी आणि प्रवाशांसाठी खर्च व्हावं.

ही शेवटची मागणी नीट पाहायला हवी. दशमांश वाईट आहे, असं रिचर्ड म्हणत नव्हता. दशमांश कोणाचा आहे, हा त्याचा प्रश्न होता. चर्चच्या जुन्या कायद्यानुसार दशमांशाचे वाटे ठरलेले होते: बिशप, स्थानिक धर्मगुरू, चर्चच्या इमारतीची डागडुजी, आणि गरीब. त्यात मठात राहणाऱ्या आणि गावाची कोणतीही सेवा न करणाऱ्या संन्याशांचं नाव नव्हतं. पुढची चारशे वर्षं सुधारक हाच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत मांडत राहिले.

जेफ्रीने वेळ मागून घेतली, मठात दोन तट पडले, आणि ऑक्टोबरमध्ये यॉर्कचा आर्चबिशप थर्स्टन समेट घडवायला आला तेव्हा सभागृहात आरडाओरड आणि धक्काबुक्की झाली. आर्चबिशपला आणि असंतुष्ट संन्याशांना चर्चमध्ये शिरून दार लावून घ्यावं लागलं. तेरा संन्याशांना घेऊन थर्स्टन बाहेर पडला. ख्रिसमसच्या दिवसांत रिपनजवळच्या स्केल खोऱ्यात त्याने त्यांना थोडी जागा दिली. तिथे ना घर होतं ना पेरलेलं शेत. पहिला मुक्काम एका एल्म वृक्षाखाली पडला. दुष्काळ आला तेव्हा ते एल्मची पानं मीठ घालून उकडून खात होते, असं मठाच्या स्थापनेच्या वृत्तांतात म्हटलं आहे. एका भिकाऱ्याला त्यांनी शिल्लक असलेल्या अडीच पावांतला एक दिला आणि थोड्याच वेळात नेअर्सबरोहून पावाने भरलेली गाडी आली, ही गोष्टही त्यातलीच.

हा वृत्तांत तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, सर्लो नावाच्या अतिवृद्ध संन्याशाच्या आठवणींवरून लिहिला गेला. तोवर मठ श्रीमंत झाला होता. श्रीमंत संस्थेला आपल्या गरिबीच्या कथा फार प्रिय असतात, हे ध्यानात ठेवून ही गोष्ट वाचावी. पण उपासमार झाली नव्हती, असं म्हणायला मात्र आधार नाही. दोन वर्षांनी रिचर्ड, जो आता मठाधिपती होता, क्लेअरव्होला गेला आणि आम्हाला इंग्लंडमधून फ्रान्सला घेऊन चला म्हणून तिथला मठाधिपती बर्नार्ड याला विनवू लागला. बर्नार्ड तयारही झाला. तेवढ्यात यॉर्कच्या कॅथेड्रलचा डीन ह्यू आपली सगळी संपत्ती आणि ग्रंथसंग्रह घेऊन मठात दाखल झाला. पैशाचे तीन भाग झाले: गरिबांना, रोजच्या गरजांना, बांधकामाला. स्थलांतराचा बेत मागे पडला.

दान कसं येत होतं

डीन ह्यूच्या मागून आणखी श्रीमंत पाद्री आले, आणि त्यांच्या मागून जमिनी. कारण सरळ होतं. बाराव्या शतकातल्या सरदाराचा विश्वास होता की मेल्यावर आत्म्याला शुद्धीसाठी यातना भोगाव्या लागतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात. मग प्रार्थना कोणाची घ्यायची? जो जास्त पवित्र त्याची. आणि पवित्र कोण? जो उपाशी राहून देवाचं नाव घेतो तो. म्हणजे मठ जेवढा विरक्त, तेवढी दात्यांची रीघ मोठी. यॉर्कच्या सुखवस्तू मठापेक्षा स्केल खोऱ्यातले फाटके संन्यासी दात्याला जास्त फायद्याचे वाटले.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. मृत्युपत्रात फक्त जंगम मालमत्ता देता येई: पैसे, गुरं, धान्य, भांडीकुंडी, कपडे. यॉर्कच्या मुलखात त्याचे साधारण तीन वाटे होत. एक बायकोचा, एक मुलांचा, आणि तिसरा मृताचा स्वतःचा, म्हणजे त्याच्या आत्म्याचा. हा तिसरा वाटा चर्च, भिकारी, पूल-रस्ते आणि प्रार्थना यांवर खर्च होई. जमीन मात्र हयातीतच सनद करून द्यावी लागे. म्हणून मठाच्या दप्तरात शेकडो सनदा जमा झाल्या. बहुतेकांत वाक्य तेच असे: माझ्या, माझ्या बायकोच्या आणि पूर्वजांच्या आत्म्याच्या उद्धारासाठी ही जमीन देवाला आणि फाउंटन्सच्या संन्याशांना शुद्ध आणि चिरंतन दान म्हणून देत आहे. बदल्यात मठाच्या आवारात दफन, प्रार्थनेत नाव, कधी मरणाच्या दारात संन्याशाचा अंगरखा.

पण सनद पुढे वाचत गेलं की खुबी कळते. संन्याशांनी प्रेमाने आणि दयाबुद्धीने मला इतके मार्क दिले, असं एक वाक्य मध्येच येतं. मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश भाग. हे दान नव्हे, ही विक्री होती, आणि दानाचा पोशाख दोघांनाही सोयीचा होता. दात्याला पुण्यही मिळे आणि रोकडही. रॉजर द मोब्रे हा या भागातला बडा सरदार. युद्धं, बंड आणि धर्मयुद्धाच्या मोहिमा यांत तो कायम पैशाच्या चणचणीत असे. निडरडेल खोऱ्यातल्या त्याच्या विस्तीर्ण कुरणांचे हक्क फाउंटन्सकडे आणि शेजारच्या बायलंड मठाकडे आले, त्यात भक्तीइतकीच रोख रकमेची निकड होती. काही सिस्टर्शियन मठ तर सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनी कर्ज अंगावर घेऊन सोडवत आणि मालकाकडून जमीन लिहून घेत. 1186 मध्ये लिंकनचा धनको एरन वारला तेव्हा नऊ सिस्टर्शियन मठ मिळून त्याला 6,400 मार्कांहून जास्त देणं लागत होते. त्या यादीत फाउंटन्स नव्हता, पण त्याच्यातून फुटलेले कर्कस्टॉल, न्यूमिन्स्टर, कर्कस्टेड आणि लाउथ पार्क होते.

या सगळ्याला एकच दिशा होती. सरदार मरतो, त्याची जमीन वाटली जाते, वारस नसला तर ती वरच्या धन्याकडे परत जाते. मठ मरत नाही. त्याला अल्पवयीन वारस नसतो, त्याच्या मुलीचं लग्न नसतं, तो राजद्रोहात मुंडकं गमावत नाही. त्यामुळे जमीन एकदा आत गेली की बाहेर येण्याची वाटच नव्हती, आणि वारसा बदलताना धन्याला मिळणारा नजराणाही कायमचा बुडे. म्हणून 1279 मध्ये पहिल्या एडवर्डने कायदा केला की परवानगीशिवाय धार्मिक संस्थेला जमीन देता येणार नाही. वकिली भाषेत अशा जमिनीला ‘मेलेल्या हातातली’ म्हणत. कायद्याने दान थांबलं नाही. आधी चौकशी, मग फी भरून परवाना, अशी पद्धत पडली आणि राजाला एक नवं उत्पन्न मिळालं. दोन्ही बाजूंची सोय पाहणारी ही तोड मला फार ओळखीची वाटते.

दशमांशाची सूट, आणि ती कोणाच्या पोटावर आली

सिस्टर्शियनांच्या सुरुवातीच्या नियमांत स्पष्ट होतं: पॅरिश चर्च, दफनाची दक्षिणा, इतरांच्या श्रमाचा दशमांश, गावं, बांधलेले कुळवाडी, गिरण्या यांतलं काहीही घ्यायचं नाही. दशमांश घेणार नाही हे ठीक. पण मग द्यायचा का? मठाची स्वतःची शेती होती, तिचा दहावा हिस्सा स्थानिक धर्मगुरूला जायला हवा होता.

1132 मध्येच, फाउंटन्स स्थापन झाला त्याच वर्षी, पोप दुसऱ्या इनोसन्टने सिस्टर्शियनांना यातून सूट दिली. जी जमीन ते स्वतःच्या हातांनी किंवा स्वतःच्या खर्चाने कसतात, तिच्यावर दशमांश नाही. हे बर्नार्डचे उपकार फेडणं होतं. 1130 पासून पोपपदावर दोघे दावा सांगत होते आणि बर्नार्डने आपलं सगळं वजन इनोसन्टच्या पारड्यात टाकलं होतं.

या सवलतीचं वजन कळायला दशमांश कसा घेतला जाई ते पाहू. शेतात पेंढ्या बांधून झाल्या की धर्मगुरूचा माणूस येऊन दर दहावी पेंढी बाजूला काढे. आपल्या बलुत्यासारखाच हा खळ्यावरचा हक्काचा वाटा होता, फरक इतकाच की तो एकूण पिकावर होता आणि बियाण्याचीही वजावट नव्हती. समजा शेतकऱ्याने 10 पोती गहू पेरला. त्या काळी पेरल्याच्या चौपट पीक आलं तर चांगलं मानत, म्हणजे 40 पोती. त्यातली 4 दशमांशाची. पुढच्या पेरणीला 10 ठेवावीच लागत. म्हणजे खऱ्या अर्थाने हाती येणाऱ्या 30 पोत्यांतली 4 गेली. नाव दहाव्या हिश्श्याचं, भार मात्र तेरा टक्क्यांहून थोडा जास्त. पीक निम्मं झालं तर दशमांश 2 पोती, पण बियाणं काढून हाती उरलेली फक्त 10. मग भार वीस टक्क्यांवर जाई. वाईट साली दशमांशाविरुद्ध ओरड का वाढे, ते या हिशोबात दिसतं.

आता हीच जमीन मठाकडे गेली की काय होई? मठाचा फायदा उघड होता: शेजाऱ्यापेक्षा तेरा टक्के स्वस्त शेती. तोटा पॅरिशच्या धर्मगुरूचा. गावातली चांगली शेतं एकेक करून मठाच्या ग्रेंजमध्ये, म्हणजे मठाचं व्रत घेऊन शेतीची कामं करणारे ले ब्रदर आणि मजूर राबत असलेल्या मोठ्या शेतवाडीत, मिसळली की त्याच्या कोठाराचा तेवढा कोपरा रिकामा पडे. गरिबांचा वाटाही त्याच कोठारातून निघायचा होता. सेंट मेरीमधून बाहेर पडताना ज्या गरिबांचं नाव घेतलं होतं, त्यांचंच नुकसान संन्याशांच्या स्वावलंबनाने होत होतं. हे कुणी जाणूनबुजून केलं नाही, पण झालं खरं.

कधी गावच उठे. फाउंटन्समधून निघालेली एक तुकडी 1147 मध्ये बार्नोल्ड्सविकला स्थिरावली. तिथलं जुनं पॅरिश चर्च मठाच्या अगदी जवळ होतं आणि सणावाराला जमणाऱ्या गावकऱ्यांमुळे संन्याशांच्या शांततेचा भंग होई. मठाधिपतीने ते चर्च पाडून टाकलं. गावकरी आणि धर्मगुरू तक्रार घेऊन आर्चबिशपकडे आणि पुढे पोपपर्यंत गेले. निकाल संन्याशांच्या बाजूने लागला. पुढे हाच मठ तिथलं हवामान आणि चोऱ्यांना कंटाळून कर्कस्टॉलला निघून गेला. दुसऱ्या हेन्रीच्या दरबारातला वॉल्टर मॅप सिस्टर्शियनांवर भयंकर चिडून असे. त्याचा आरोप होता की हे लोक एकांत शोधत नाहीत, गावं आणि चर्च पाडून एकांत तयार करतात. मॅप मुळात खवचट माणूस, पण बार्नोल्ड्सविकची हकीकत मठाच्याच वृत्तांतात आहे.

फ्रान्समध्ये तर संन्यासी संन्याशांच्या अंगावर गेले. ल मिरवार या सिस्टर्शियन मठाने दशमांश थांबवला म्हणून शेजारच्या जीन्यी या बेनेडिक्टाइनांच्याच क्लूनी शाखेतल्या मठाच्या लोकांनी 1152 मध्ये तो उद्ध्वस्त केला. पोपांनी मग सवलतीला कात्री लावली, पुन्हा वाढवली, पुन्हा कापली. अखेर 1215 मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने ठरवलं की यापुढे घेतलेल्या जमिनींवर सिस्टर्शियनांनी दशमांश भरावा. जुन्या जमिनींवरची सूट राहिली, आणि फाउंटन्सकडे तोवर उत्तम जमिनी येऊन चुकल्या होत्या.

लोकर

डोंगराळ कुरणं, पगार न घेणारे ले ब्रदर आणि दशमांशाची सूट यांतून जे उभं राहिलं ते लोकरीचं साम्राज्य होतं. किल्न्सीच्या ग्रेंजवर मेंढ्यांची कातरणी होई. मठाच्या पश्चिमेची, जवळपास 90 मीटर लांब, कमानींनी झाकलेली दुमजली इमारत आजही उभी आहे. खालचा मजला कोठाराचा होता. 1193 मध्ये रिचर्ड राजाची जर्मनीतल्या कैदेतून सुटका करायला खंडणी गोळा झाली, तेव्हा सिस्टर्शियनांकडे सोन्याचांदीची भांडी नव्हती. म्हणून त्यांच्याकडून त्या वर्षाची सगळी लोकर घेतली गेली. त्यांच्या विरक्तीचा आणि श्रीमंतीचा याहून चांगला एकत्र पुरावा मला माहीत नाही.

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीत काम करणाऱ्या पेगोलोत्तीने इंग्लंडमधले कोणते मठ किती लोकर विकतात याची यादी केली. त्यात फाउंटन्सच्या नावापुढे वर्षाला 76 गोण्या आहेत. एक गोणी साधारण 165 किलोंची आणि तिला दोनशेहून जास्त मेंढ्यांची लोकर लागे. म्हणजे कळप किमान पंधरा हजारांचा.

पण पैसा हाताशी असतानाच मठ कर्जात बुडाला. इटालियन व्यापारी पुढच्या वर्षांच्या लोकरीवर आगाऊ रक्कम देत आणि बांधकाम चालू असलेल्या मठाला तो मोह आवरत नसे. सिस्टर्शियन महासभेने एका वर्षापेक्षा पुढची लोकर विकायला बंदी केली होती. ती बंदी पुनःपुन्हा जाहीर करावी लागे. मध्ययुगीन नियमावली वाचताना ही खूण उपयोगी पडते: जो नियम वारंवार काढावा लागतो, तो पाळला जात नव्हता असं समजावं. 1276 मध्ये फाउंटन्सने फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांशी चार वर्षांत 62 गोण्या देण्याचा करार केला. मेंढ्यांना खरजेची साथ आली तेव्हा विकलेली लोकर द्यायला मेंढ्याच नव्हत्या. 1290 च्या सुमारास कर्ज 6,000 पौंडांच्या वर गेलं. राजाने मठाच्या कारभारावर आपला माणूस बसवण्याची पाळी याच काळात आली. मठात राहणारा प्रत्येक संन्यासी स्वतःच्या नावावर काहीही न ठेवता जगत होता, आणि त्यांची संस्था आंतरराष्ट्रीय कर्जदार झाली होती.

माघार

चौदाव्या शतकात स्कॉटिश धाडी आल्या, मेंढ्या मेल्या, आणि मग 1348 नंतरच्या महामारीने माणसंही गेली. ले ब्रदर व्हायला कुणी येईना, कारण बाहेर मजुरीचे दर वाढले होते. ग्रेंज स्वतः कसणं परवडेना म्हणून मठाने त्या कुळांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता संन्याशांचा चरितार्थ खंडावर चालू लागला, म्हणजे ज्या व्यवस्थेला कंटाळून प्रायर रिचर्ड यॉर्कहून निघाला होता तिच्यावरच.

आणि चर्चही आलं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये केसिकजवळ क्रॉस्थ्वेट आहे. त्या परिसरातल्या मोठ्या जमिनी अ‍ॅलिस द रुमिली या सरदारीणबाईकडून फाउंटन्सला मिळाल्या होत्या, आणि क्रॉस्थ्वेटचं पॅरिश चर्चही मठाकडे आलं. कागदोपत्री मठ तिथला रेक्टर, म्हणजे दशमांशाचा मुख्य हक्कदार झाला. अशा व्यवस्थेत धान्याचा मोठा दशमांश रेक्टर म्हणून मठाला जाई आणि प्रत्यक्ष गावात राहून विधी करणाऱ्या व्हिकरला छोट्या दशमांशातलं काहीबाही मिळे. दर दहावी पेंढी डोंगरापलीकडच्या मठाच्या हिशोबात जमा. मठात कुणी एके दिवशी उठून नियम मोडायचं ठरवलं असेल, असं मला वाटत नाही. कर्ज होतं, छप्पर दुरुस्त करायचं होतं, सगळेच मठ तसं करत होते, आणि परवानगी मिळत होती.

मार्मड्यूक ह्यूबी हा 1495 ते 1526 मठाधिपती होता. माणूस कर्तबगार, शिस्तीचा, संन्याशांची संख्या वाढवणारा. त्याने चर्चच्या उत्तरेला 50 मीटरच्या आसपास उंचीचा मनोरा बांधला आणि त्यावर आपली आद्याक्षरं कोरली. सिस्टर्शियनांना दगडी घंटामनोरे बांधायला 1157 पासून बंदी होती. आज फाउंटन्सच्या बहुतेक छायाचित्रांत हाच मनोरा दिसतो.

हल्ला करणारे कोण होते

आता सुधारकांकडे वळू. पहिली आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते बहुतेक आतलेच होते. प्रायर रिचर्ड संन्यासी होता. चर्चच्या भिंती सोन्याने मढतात आणि त्याचे गरीब उघडे राहतात, असं 1125 च्या सुमारास क्लूनीपंथीयांना सुनावणारा बर्नार्डही संन्यासीच होता, आणि त्याच्याच पंथाला पुढे तेच ऐकावं लागलं. तेराव्या शतकात असिसीच्या संत फ्रान्सिसने मठालाही मालकी नको असा उपाय काढला. लोकांनी फ्रान्सिसकनांवर इतकं प्रेम केलं की त्यांच्याही मोठाल्या इमारती झाल्या, आणि मालकी पोपची व वापर आमचा अशी कायदेशीर कसरत करावी लागली. 1322 मध्ये पोप बाविसाव्या जॉनने ती मालकी नाकारली आणि पंथात उभी फूट पडली. औषध तेच, रोगही तोच.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन विक्लिफने मात्र मांडणी बदलली. तोही यॉर्कशायरचाच. त्याचं म्हणणं असं: दान सशर्त असतं. प्रार्थना, गरिबांची सेवा आणि सदाचार यांसाठी पूर्वजांनी जमीन दिली. संस्था ते करत नसेल तर त्यांचे वंशज आणि राजा ती परत घेऊ शकतात, उलट न घेणं हेच पाप आहे. पापी धर्मगुरूचा दशमांश रोखण्याचा हक्कही त्याने पॅरिशमधल्या लोकांना दिला. आधीचे सुधारक म्हणत होते की आम्ही वेगळे राहून गरीब होऊ. विक्लिफच्या लक्षात आलं होतं की वेगळं राहिलेला गरीबही दानाने श्रीमंत होतो, तेव्हा दान घेण्याची क्षमताच काढून घ्यायला हवी. 1410 मध्ये त्याच्या विचारांच्या लोकांनी पार्लमेंटपुढे हिशोबच मांडला: बिशप आणि मठांच्या जमिनी घेतल्या तर राजाला 15 अर्ल, 1,500 नाइट, 6,200 एस्क्वायर आणि गरिबांसाठी 100 धर्मार्थ घरं पोसता येतील. आकडे फुगवलेले होते आणि राजाने मागणी फेटाळली. पण त्यांतलं प्रमाण बोलकं आहे. गरिबांसाठी शंभर घरं, आणि बाकी सगळं तलवार बाळगणाऱ्यांसाठी.

म्हणजे चर्चच्या श्रीमंतीवर बोलणाऱ्यांत दोन जाती होत्या. एकाला ती संपत्ती गरिबांकडे वळवायची होती, दुसऱ्याला स्वतःकडे. दोघांची भाषा एकच असल्यामुळे दरवेळी कोण कोणाच्या खांद्यावर बसलं आहे हे ओळखणं अवघड होई.

आठव्या हेन्रीच्या काळात दुसऱ्या जातीचं पारडं जड झालं. जानेवारी 1536 मध्ये राजाचे तपासनीस लेटन आणि ली फाउंटन्सला आले आणि मठाधिपती विल्यम थर्स्कवर मठाचे दागिने विकल्याचा आरोप ठेवून त्याला पायउतार व्हायला लावलं. तपासनिसांना असंच काही सापडायला हवं होतं, त्यामुळे त्यांचं सगळं म्हणणं जसंच्या तसं घेऊ नये. पुढच्या वर्षी उत्तरेतल्या बंडात गुंतल्याच्या आरोपावरून थर्स्कला लंडनजवळच्या टायबर्नला फाशी झाली. शेवटचा मठाधिपती मार्मड्यूक ब्रॅडली याने 26 नोव्हेंबर 1539 ला मठ राजाच्या स्वाधीन केला आणि वर्षाला 100 पौंडांचं निवृत्तिवेतन घेतलं. यॉर्कचा सेंट मेरी मठही त्याच महिन्यात गेला. त्याचं उत्पन्न तेव्हा 1,650 पौंडांच्या घरात होतं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी सोडून आलेल्या घराच्या दोन तृतीयांशापर्यंत फाउंटन्स पोहोचला होता.

1540 मध्ये मठाची मुख्य मालमत्ता लंडनचा कापड व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम याने विकत घेतली. छपरावरचं शिसं आणि घंटा राजाच्या खात्यात गेल्या. देशभर मठांकडे असलेले रेक्टरचे हक्कही अशाच लोकांना विकले गेले, आणि मोठा दशमांश आता ज्याने कधी बाप्तिस्मा दिला नव्हता, ना प्रार्थना म्हटली होती, अशा जमीनदाराच्या कोठारात जाऊ लागला. गावातल्या व्हिकरचा वाटा होता तेवढाच राहिला. शेतातून दहावी पेंढी उचलणं तर 1836 पर्यंत चालू होतं. तेव्हा पार्लमेंटने तिचं रोख रकमेत रूपांतर केलं.